टोक भुवईवर, रेघ पापणीवर

नवा पेन डिस्प्ले घेतलेल्या चित्रकाराची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. पेनचं टोक भुवईवर ठेवलं आणि रेघ पापणीवर उमटली. मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला जातो, केबल बदलली जाते, दुकानदाराला फोन जातो. यंत्र मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. चूक असते ती काचेची जाडी, डोळ्याची जागा आणि ड्रायव्हरमधले आकडे यांचा मेळ न बसल्याची.

आपण टोक टेकवतो ते काचेच्या वरच्या पृष्ठभागावर. चित्र असतं काचेखालच्या एलसीडी पॅनेलमध्ये. पेनची जागा ओळखणारा सेन्सर बहुतेक डिस्प्लेंमध्ये त्याहूनही खाली, पॅनेलच्या पाठीमागे असतो. टोक आणि पिक्सेल यांच्यात असं दीडदोन मिलिमीटरचं अंतर राहतं, जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये आणखी जास्त. बरोबर वरून पाहिलं तर ते कळत नाही, तिरकं पाहिलं की कळतं. एसटीत ड्रायव्हरशेजारच्या बाकावरून स्पीडोमीटरचा काटा वेगळ्याच आकड्यावर दिसतो, तोच हा प्रकार. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. आपण टेबलाच्या अलीकडे बसतो, त्यामुळे टोकाच्या बरोबर खाली असलेला कर्सर आपल्याला टोकाच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला सरकलेला दिसतो.

दोष कॅलिब्रेशनचा की पॅरॅलॅक्सचा, हे आधी ठरवायला हवं, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत. टोक स्क्रीनच्या मध्यावर टेकवून पेन हलू न देता धरा. एक डोळा मिटा आणि डोकं सावकाश डावीउजवीकडे, पुढेमागे न्या. डोक्याबरोबर कर्सर टोकाखालून सरकल्यासारखा दिसला, तर तेवढा भाग पॅरॅलॅक्सचा. आता डोळा टोकाच्या बरोबर वर आणा. तरीही कर्सर बाजूलाच राहिला, तर तो फरक ड्रायव्हरने निर्माण केलेला आहे आणि कॅलिब्रेशनने जाऊ शकतो. पेन चालताना कर्सर मागे पडतो आणि थांबल्यावर येऊन मिळतो, तो विलंब. त्याचा इथे संबंध नाही. कर्सर दुसऱ्याच मॉनिटरवर फिरत असेल, तर ड्रायव्हरच्या Mapping मध्ये चुकीचा पडदा निवडला गेलाय. तो आधी बदला, बाकीचं नंतर.

कॅलिब्रेशनमध्ये ड्रायव्हर कोपऱ्यांजवळ एकेक फुली दाखवतो. काहींत चार असतात, काहींत जास्त. प्रत्येक फुलीच्या मध्यावर टोक टेकवायचं. सेन्सरला दिसलेली जागा आणि फुलीची खरी जागा यांतला फरक ड्रायव्हर नोंदवतो आणि मधल्या भागासाठी हिशेबाने वाटून देतो. म्हणजे कॅलिब्रेशन पॅरॅलॅक्स घालवत नाही. डोकं ज्या जागी होतं त्या जागेपुरता तो भरून काढतं. म्हणूनच उभं राहून, वाकून, घाईघाईत केलेलं कॅलिब्रेशन खुर्चीत बसल्याबरोबर चुकीचं ठरतं.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. साधारण सोळा इंची फुल एचडी डिस्प्ले घेऊ. त्याचा चित्राचा भाग सुमारे 344 बाय 194 मिलिमीटर आणि एक पिक्सेल साधारण 0.18 मिलिमीटरचा. टोक आणि चित्र यांच्यात 2.5 मिलिमीटर काच धरू. डिस्प्ले टेबलावर सपाट ठेवलाय. डोळा त्याच्या पातळीपासून 450 मिलिमीटर वर आणि स्क्रीनच्या मध्यापासून 250 मिलिमीटर आपल्या बाजूला. काचेत किरण वाकतो ते हिशेबात घेतलं, तर खालच्या कडेच्या मध्यावर कर्सर सुमारे 0.55 मिलिमीटर सरकलेला दिसेल आणि वरच्या कडेच्या मध्यावर 1.1 मिलिमीटर. म्हणजे खाली तीन पिक्सेल, वर सहा. एकाच स्क्रीनवर दुप्पट फरक पडत असल्याने फुल्या सगळ्या कोपऱ्यांत लागतात. एका मधल्या फुलीने काम भागलं नसतं.

आता स्टँड साधारण 29 अंशांवर उभा करा, म्हणजे नजर स्क्रीनच्या मध्यावर काटकोनात पडेल. मध्यावरची चूक शून्यावर येते, वरच्या-खालच्या कडांना 0.3 मिलिमीटर उरते. एकही बटण न दाबता सहा पिक्सेल दोनच्या आत आले. डाव्या-उजव्या कडांना मात्र अर्धा मिलिमीटर राहतोच, कारण नजर तिथे तिरकीच जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी खुर्ची, मग स्टँड आणि शेवटी कॅलिब्रेशन. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

फुल्यांवर टोक टेकवताना पेन रोजच्यासारखं तिरकं धरा. इलेक्ट्रोमॅग्नेटिक पेनमध्ये सेन्सरला टोक कळत नाही, टोकाच्या थोडी वर असलेली तारेची गुंडाळी कळते. पेन कललं की गुंडाळी टोकापासून बाजूला जाते. ड्रायव्हर कलाचा अंदाज घेऊन ती चूक दुरुस्त करतो, पण पूर्ण करतोच असं नाही. फुली हिशेबाने जिथे असायला हवी तिथे नको, डोळ्याला जिथे दिसते तिथे टोक ठेवा. काम संपल्यावर पट्टी लावून कर्णावर एक सावकाश रेघ ओढून पाहा. रेघ मध्यावर बरोबर आणि कोपऱ्याशी वाकडी असेल, तर ते कॅलिब्रेशनचं अपयश नसेलही. काठाशी सेन्सरचं क्षेत्र असमान होतं आणि जवळ स्पीकर किंवा चुंबक असेल तर आणखी बिघडतं. स्पीकर हलवून पाहा. मेनू आणि टूलबार कडांना लावून चित्र मध्ये काढणं हा तसा प्रामाणिक उपाय आहे.

विंडोजवाल्यांसाठी एक सूचना. Tablet PC Settings मध्येही Calibrate आहे. ते केलं आणि कंपनीच्या ड्रायव्हरमधलंही केलं, तर कधी दोन्ही दुरुस्त्या एकावर एक बसतात आणि फरक वाढतो. अशा वेळी विंडोजमधलं Reset करून फक्त ड्रायव्हरचंच ठेवा. आणि स्टँडचा कोन बदलला, डिस्प्ले मांडीवर घेतला किंवा वरून जाड टेम्पर्ड काच चिकटवली, तर कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागेल. त्या काचेची जाडी थेट अंतरात भर घालते. निब झिजू नये म्हणून ती लावणाऱ्यांनी हा सौदा ओळखून करावा.

अंतर खरोखर कमी करायचं, तर ते कारखान्यातच होतं. पॅनेल आणि काच यांच्यात हवेची फट न ठेवता दोन्ही चिकटवून टाकतात, त्याला लॅमिनेशन म्हणतात. एक मिलिमीटर काच आणि तिच्याखाली दीड मिलिमीटर हवा असेल, तर 40 अंश तिरकं पाहताना कर्सर सुमारे 1.7 मिलिमीटर सरकलेला दिसतो. फट नसेल तर फक्त 0.5 मिलिमीटर. हवेत किरण वाकत नाही, म्हणून फट काचेपेक्षा जास्त महाग पडते. ही फट कोणतंही सेटिंग बुजवू शकत नाही.

तेव्हा डिस्प्ले घ्यायला जाल तेव्हा लॅमिनेटेड आहे का ते विचारा, आणि काउंटरवर उभ्याने वरून पाहून समाधान मानू नका. उभ्याने पाहिलं तर पॅरॅलॅक्स जवळजवळ लपतो. खुर्ची मागा, घरी बसता तसे बसा आणि वरच्या कोपऱ्यात चार बारीक रेघा ओढून पाहा.