बाराच्या प्लेटचा पट्टा किती लांब कापायचा?

आतून १२०० मिलिमीटर व्यासाची टाकी करायची आहे आणि प्लेट १२ मिलिमीटर जाडीची आहे. ती रोलिंग मशीनवर गोल वळवून दोन्ही कडा वेल्डिंगने जोडायच्या. मग सपाट असताना पट्टा किती लांबीचा कापायचा? शाळेत शिकलेलं सूत्र म्हणतं, परीघ म्हणजे व्यास गुणिले पाय. पण जाड प्लेटच्या नळकांड्याला व्यास दोन असतात, आतला १२०० आणि बाहेरचा १२२४. आतला धरला तर परीघ ३७६९.९ मिलिमीटर येतो आणि बाहेरचा धरला तर ३८४५.३. दोन्हींत साडेसात सेंटिमीटरचा फरक आहे.

खरं माप या दोन्हींच्या मधलं. जाड खोडरबर वाकवून पाहा: बाहेरची बाजू ताणली जाते, आतली आकसते, आणि मधे एक थर असा असतो की ज्याची लांबी बदलत नाही. लोखंडाचंही तसंच होतं. आपल्या प्लेटचा बाहेरचा थर वळताना साधारण एक टक्का ताणला जातो, आतला तितकाच दबतो, मधला थर मात्र सपाट असताना होता तितकाच लांब राहतो. म्हणून पट्ट्याची लांबी त्या थरावरून काढायची. त्याचा व्यास, म्हणजे मधला व्यास, आतल्या व्यासात एक जाडी मिळवून येतो: १२०० अधिक १२, म्हणजे १२१२. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास दिला असेल तर त्यातून एक जाडी वजा करायची. उत्तर तेच. १२१२ ला ३.१४१६ ने गुणलं की ३८०७.६ मिलिमीटर, हीच पट्ट्याची लांबी.

घाईत जाडी मिळवायची राहून गेली तर पट्टा ३७.७ मिलिमीटरने, म्हणजे पाय गुणिले जाडी इतका, आखूड पडतो. या आकड्यात व्यास कुठेच नाही, हे मला या हिशोबातलं सर्वांत लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. टाकी एक मीटरची असो वा दहा मीटरची, बारा मिलिमीटरच्या प्लेटला चूक तेवढीच. टाकी मोठी आहे, थोडं इकडेतिकडे चालेल, ही समजूत इथे टिकत नाही. आखूड पट्ट्याची टाकी व्यासाला बरोबर १२ मिलिमीटरने लहान होते, आणि टाकीचं तोंड बंद करणारा डिश एन्ड तिच्यावर बसवायला गेलं की कड सगळीकडून ६ मिलिमीटर बाहेर डोकावते. म्हणजे प्लेटची अर्धी जाडी वेल्डला मिळतच नाही.

पायची किंमतही जपून घ्यावी. २२/७ घेतलं तर आपला पट्टा दीड मिलिमीटर लांब होतो, नुसतं ३.१४ घेतलं तर जवळजवळ दोन मिलिमीटर आखूड. कॅल्क्युलेटरवरचं पायचं बटण वापरणं सर्वांत सोपं.

उभ्या जोडात वेल्डिंगसाठी दोनेक मिलिमीटर फट ठेवतात. त्यामुळे परीघ तेवढा वाढतो, पण वेल्ड थंड होताना जोड आकसतो आणि वाढ बरीचशी भरून निघते. शिवाय परिघातली दोन मिलिमीटर म्हणजे व्यासात जेमतेम ०.६. म्हणून एकच उभा जोड असेल तर अनेक जण ती फट वजा करत नाहीत. शेल दोन-तीन तुकड्यांत करायचं असेल तर मात्र प्रत्येक जोडाची फट आणि आकसणं हिशोबात धरावंच लागतं.

लांबी बरोबर असूनही पट्टा काटकोनात नसेल, तर वळवल्यावर दोन्ही टोकं एकमेकांसमोर येत नाहीत, एक वर सरकतं. म्हणून कापण्याआधी दोन्ही कर्ण मोजतात. पट्टा १५०० रुंद असेल तर प्रत्येक कर्ण ४०९२.४ यायला हवा. साध्या तीन रोलच्या मशीनवर आणखी एक अडचण येते: पट्ट्याची दोन्ही टोकं थोडी सपाटच राहतात. ती आधी प्रेसवर वळवून घ्यावी लागतात. नाहीतर दोन्हीकडे जादा लांबी ठेवून, रोल झाल्यावर सपाट भाग कापून टाकावा लागतो. ही जादा लांबी ३८०७.६ च्या वर धरायची.

शेल टॅक करून झालं की बाहेरून टेप गुंडाळून परीघ मोजावा. तो ३८४५ च्या आसपास, म्हणजे बाहेरच्या व्यासाइतका यायला हवा. डिश एन्ड आधीच आला असेल तर पट्टा कापण्यापूर्वीच त्याचाही परीघ टेपने घ्यावा आणि गरज पडल्यास पट्ट्याची लांबी त्याला जुळवून घ्यावी, कारण डिश एन्ड क्वचितच अगदी ड्रॉइंगच्या मापाचा येतो.

मधल्या व्यासाचा हा नियम नळकांडं जाडीच्या मानाने बरंच मोठं असेल तोवर चोख चालतो. २५ मिलिमीटरची प्लेट १०० मिलिमीटरच्या आतल्या व्यासाला वळवायची असेल, तर लांबी न बदलणारा थर मध्यापासून आतल्या बाजूला सरकतो. प्लेट एकूण ताणली जाते आणि हिशोबाने आलेला ३९२.७ चा पट्टा थोडा लांबच ठरतो. किती लांब, हे धातू आणि मशीन यांवर अवलंबून असल्यामुळे अशा कामात पट्टा मुद्दाम जास्त ठेवतात, आणि वळवल्यावर एकमेकांवर आलेली कड मार्क करून कापतात.