स्वस्त येन, महाग डॉलर

जपानमध्ये जवळपास बिनव्याजी कर्ज काढायचं, त्या येनचे डॉलर घ्यायचे आणि ते अमेरिकेत व्याजाने लावायचे, याला कॅरी ट्रेड म्हणतात.

समजा, 2023च्या सुरुवातीला डॉलर 130 येनला असताना कुणी 1 कोटी 30 लाख येन उचलले. त्याचे 1 लाख डॉलर झाले. 5 टक्के व्याजाने वर्षअखेर 1 लाख 5 हजार. तोवर डॉलर 141 येनवर गेला होता. कर्ज फेडून सुमारे 18 लाख येन उरले. मात्र डॉलर 124च्या खाली घसरला असता, तर व्याज धरूनही तोटाच झाला असता.

असे असंख्य लोक येन विकतात, म्हणून येन आणखी पडतो. रोजच्या आलेखात बातम्यांचे हेलकावे दिसतात. साप्ताहिक आलेखात व्याजाच्या फरकाचा हा ओढा दिसतो. 2021च्या आरंभी 103 येनचा डॉलर जुलै 2024मध्ये 162च्या उंबरठ्यावर पोहोचला.

उतरण मात्र झटक्यात होते. 31 जुलै 2024ला बँक ऑफ जपानने दर 0.25 टक्क्यांवर नेला, अमेरिकेत दरकपातीची चिन्हं दिसू लागली आणि कर्ज फेडायला झुंबड उडाली. 5 ऑगस्टला डॉलर 142 येनपर्यंत आला, निक्केई 12 टक्क्यांहून अधिक कोसळला.

म्हणून आलेख पाहताना दोन्ही देशांच्या व्याजदरांतलं अंतरही पाहा. ते आटू लागलं, की जुन्या कलावर विसंबू नका.