बाटलीवर एक, रीलमध्ये दुसरंच

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातली टीआमी ही चहा विकणारी कंपनी. ‘तीस दिवसांत शरीर आतून स्वच्छ’ अशा थाटाचे तिचे डिटॉक्स चहा इन्स्टाग्रामवर गाजले, कारण कार्डी बी हिच्यासारख्या लोकप्रिय गायिका हातात पाकीट धरून त्यांची वाखाणणी करत होत्या. मार्च 2020 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने, कंपनीला कोर्टात खेचलं. आरोप दोन होते. चहाने वजन उतरतं, कर्करोगाशी लढता येतं, तुंबलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, या दाव्यांना शास्त्रीय आधार नव्हता. आणि प्रसिद्ध व्यक्तींना पैसे मिळाले होते, हे बघणाऱ्याला सहज कळत नव्हतं.

दुसऱ्या आरोपातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. काही पोस्टमध्ये कंपनीशी असलेल्या भागीदारीचा उल्लेख होता, पण तो कॅप्शनच्या खालच्या भागात. फोनवर पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात आणि पुढचं ‘मोअर’ या शब्दामागे दडतं. तिथे बोट लावणारे थोडेच. कमिशनने 2018 मध्येच कंपनीला याबद्दल पत्र पाठवलं होतं, कंपनीने त्यानंतर नियमावलीही केली होती, तरी पोस्ट बदलल्या नाहीत. अखेर 1 कोटी 52 लाख डॉलरचा निवाडा झाला. कंपनीची ऐपत पाहून 10 लाख डॉलर भरल्यावर बाकीची रक्कम स्थगित ठेवली गेली. दहा इन्फ्लुएन्सरना स्वतंत्र ताकीदपत्रं गेली.

भारतातले नियमही याच दोन आरोपांभोवती फिरतात, आणि ते दोन्ही एकमेकांपासून वेगळे आहेत हेच क्रिएटर मंडळी हमखास विसरतात. ‘मी जाहिरात असं लिहिलंय ना, मग झालं’ ही समजूत सर्वत्र आहे. पैसे घेतल्याचं सांगणं ही एक अट. औषधासारखा दावा न करणं ही दुसरी. पहिली पाळली म्हणून दुसरीतून सुटका होत नाही.

एक कल्पित, पण रोज दिसणारा नमुना घेऊ. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी राहणारी, स्वयंपाक आणि घरसंसारावर मराठीत रील करणारी एक तरुण आई. केसांसाठी बायोटिनच्या गोड गोळ्या, म्हणजे ‘गमीज’, विकणारी कंपनी तिला तीन बाटल्या फुकट आणि वर मानधन देते. सोबत ब्रीफ येतं. पंचेचाळीस सेकंदांची रील, शेवटी तिच्या नावाचा कूपन कोड, आणि म्हणायची वाक्यं: “बाळंतपणानंतर माझे केस मुठीने जात होते. या गमीज सुरू केल्या आणि दोन महिन्यांत गळती बंद, नवे केस यायला लागले. शंभर टक्के नॅचरल, काही साइड इफेक्ट नाही. डॉक्टरसुद्धा हेच सुचवतात.”

आधी जाहिरातीची खूण पाहू. मुंबईत मुख्यालय असलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने इन्फ्लुएन्सरसाठी केलेली नियमावली 14 जून 2021 पासून लागू आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खूण निदान तीन सेकंद दिसली पाहिजे. पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. त्याहून मोठ्या व्हिडिओत, उत्पादनाबद्दल बोलणं चालू असेल तितका सगळा वेळ. या रीलला म्हणजे पंधरा सेकंद. कॅप्शनमध्ये ही खूण पहिल्या दोन ओळींत हवी, टीआमीच्या पोस्टसारखी ‘मोअर’च्या पोटात नव्हे. वीस हॅशटॅगच्या गर्दीत कोंबलेलं ‘ॲड’ चालत नाही. प्रोफाइलवर एकदाच ‘मी ब्रँडसोबत काम करते’ असं लिहून ठेवणंही पुरत नाही.

पैसे न घेता फक्त बाटल्या घेतल्या असत्या तर? क्रिएटर मंडळी याला ‘बार्टर’ म्हणतात आणि पुष्कळांना वाटतं की यात सांगण्यासारखं काही नाही. पण फुकट वस्तू, सवलत, सहल, बक्षीस, नोकरीचं नातं, यांपैकी काहीही असलं तरी ते उघड करावं लागतं. कूपन कोडवर विक्रीमागे कमिशन मिळत असेल तर तोही आर्थिक संबंधच.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या दोन गोष्टी मराठी क्रिएटरसाठी थेट कामाच्या आहेत. व्हिडिओत ही कबुली अक्षरांत दिसावी आणि आवाजातही ऐकू यावी. आणि ज्या भाषेत शिफारस चालली आहे, त्याच भाषेत ती असावी. स्वयंपाक करता करता फोन ओट्यावर टेकवून नुसतं ऐकणाऱ्या बाईला कोपऱ्यातलं इंग्रजी ‘पार्टनरशिप’ काय सांगणार? “ही जाहिरात आहे, कंपनीने मला पैसे आणि बाटल्या दिल्या आहेत” हे वाक्य सुरुवातीला बोललं की प्रश्न मिटतो. फार तर चार सेकंद जातात.

आता दाव्यांकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळू लागणं हे अगदी सर्रास घडतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे जे केस टिकून राहिलेले असतात, ते नंतर एकदम झडतात. बहुतेकींच्या बाबतीत हे आपोआप थांबतं आणि वर्षभरात केस पूर्वपदावर येतात, गमी खाल्ली तरी आणि न खाल्ली तरी. म्हणजे ही आई खोटं बोलत नाही. तिचे केस खरोखर गळत होते आणि खरोखर थांबले. तरीही ते वाक्य दिशाभूल करतं, कारण ऐकणारी त्यातून ‘गोळीमुळे थांबले’ असंच समजते. ‘हा माझा वैयक्तिक अनुभव आहे’ अशी पुस्ती जोडल्याने दावा सौम्य होत नाही. अनुभवाच्या तोंडून केलेला दावाही दावाच धरला जातो, आणि त्याला लागणारा पुरावा तोच राहतो. अमेरिकेत तर ‘प्रत्येकाला असाच परिणाम मिळेल असं नाही’ या छापील ओळीमागे लपण्याची सोय 2009 मध्येच गेली.

बायोटिन हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व आहे आणि त्याची खरी कमतरता क्वचित आढळते. युरोपीय संघाने तपासून मंजूर केलेलं त्याबद्दलचं विधान असं आहे की, बायोटिन सामान्य केस टिकवून ठेवायला हातभार लावतं. ते गळती थांबवतं असं त्यात नाही आणि नवे केस उगवतं असंही नाही. जिभेला हा फरक किरकोळ वाटतो, पण पोषणाची आणि उपचाराची सीमा नेमकी इथून जाते. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे जाहिरात व दाव्यांविषयीचे नियम 2018 सालचे आहेत. रोग टाळणं, कमी करणं किंवा बरा करणं असा दावा, स्पष्ट मंजुरी नसेल तर, अन्नपदार्थाबद्दल करता येत नाही, आणि हेल्थ सप्लिमेंट कायद्याने अन्नच आहे. त्याच्या बाटलीवर तसं छापावंही लागतं: ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. कॅमेऱ्यासमोर धरलेली बाटली एक सांगते आणि ती धरणारी बाई दुसरंच. नवे केस उगवण्याचा दावा तर खऱ्या औषधालाही मोकळा नाही. औषध नियमांच्या ज्या परिशिष्टात बरे करण्याचे दावे करू नयेत अशा व्याधींची यादी आहे, त्यात टक्कल आहे आणि नव्या केसांची वाढही आहे.

‘शंभर टक्के नॅचरल’ हे वाक्यही अडतं. साखर, पेक्टिन, रंग, स्वाद घालून साच्यात ओतलेल्या गमीला हा शब्द लावता येत नाही, कारण दाव्यांच्या नियमांनी त्याचा वापर काटेकोर बांधून टाकला आहे. ‘डॉक्टर सुचवतात’ हे तर सरळ काढून टाकायचं. अन्नपदार्थ वैद्यकीय व्यावसायिकांनी शिफारस केलेला आहे, असं सुचवायला मनाई आहे.

मग आरोग्यावर बोलायचंच नाही का? तसं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सरसाठी काढलेल्या सूचनांत भरपूर पाणी प्या, पुरेशी झोप घ्या, हळदीचं दूध प्या, केसांना तेल लावा, अशा सर्वसाधारण सल्ल्याला सूट आहे. अट इतकीच की तो एखाद्या ठरावीक उत्पादनाशी, आजाराशी किंवा परिणामाशी जोडलेला नसावा. ‘आठवड्यातून दोनदा तेल लावा’ म्हणायला कुणाची हरकत नाही. ‘हे अमुक तेल लावा, कोड वापरा’ म्हटलं की ती जाहिरात झाली.

या सगळ्यामागे दंडाचं बळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. शिवाय शिफारशी करण्यावर एक वर्षाची, नंतर तीन वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते. 7 मे 2024 रोजी पतंजलीच्या जाहिरातींवरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानेही सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर तितकेच जबाबदार असल्याचं बजावलं. मात्र कायद्याने एक दारही ठेवलं आहे. दाव्याची सत्यता पडताळण्याची योग्य काळजी घेतली होती असं दाखवता आलं, तर शिफारस करणारा दंडातून सुटतो. म्हणून रील करण्यापूर्वी कंपनीकडे लेबलचा स्पष्ट फोटो, परवाना क्रमांक आणि ब्रीफमधल्या प्रत्येक दाव्याचा आधार ईमेलवर मागावा. व्हॉट्सॲपवरचं ‘मॅम, सगळं सर्टिफाइड आहे’ याला आधार म्हणत नाहीत.

नियमात बसणारं ब्रीफ मग असं होईल: “ही जाहिरात आहे, कंपनीने मला पैसे आणि बाटल्या दिल्यात. हे बायोटिनचं हेल्थ सप्लिमेंट आहे, औषध नाही. दिवसाला किती घ्यायच्या ते लेबलवर आहे, त्यापेक्षा जास्त नको. मला चव आवडली. केस फार गळत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.” कंपनीला हे फिकं वाटेल आणि काही कंपन्या नकार देतील. ज्या कंपनीला खरं वाक्य परवडत नाही, तिच्या बाटल्या परत पाठवणंच बरं.

रील टाकल्यावर काम संपत नाही, कारण खाली प्रश्न येतात. “ताई, मला थायरॉइड आहे, घेऊ का?” तिथे लिहिलेलं “हो गं, काही होत नाही” हाही दावाच, आणि तो बाकीच्यांपेक्षा जास्त धोक्याचा. बायोटिनची मोठी मात्रा रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे बिघडवते. थायरॉइडचे निकाल चुकू शकतात, आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिन तपासणी फसवी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये याचा इशारा दिला आहे. त्या ताईला देण्याजोगं उत्तर एवढंच: “तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि आधीच घेत असाल तर रक्त तपासायला जाताना लॅबमध्ये तसं सांगा.”