गेममधील प्रगतीचे हस्तांतरण (अँड्रॉइड व आयओएस)

गेममधील प्रगतीचे हस्तांतरण म्हणजे जुन्या फोनवरील खेळ नव्या फोनवर त्याच टप्प्यापासून पुढे चालू ठेवणे. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना केवळ गूगल प्ले गेम्सची जोडणी सहसा पुरत नाही. खेळाचे स्वतःचे खाते लागते.

उदाहरणार्थ, ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मधील गाव कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेले असते. जुन्या फोनवर सेटिंग्जमधून ते सुपरसेल आयडीशी जोडतात आणि ईमेलवर आलेला सहा अंकी संकेतांक भरतात. नव्या फोनवर खेळ उघडताच आरंभीचे नवे गाव दिसू शकते. ते जुने गाव पुसले गेल्याचे लक्षण नव्हे. त्याच ईमेलने प्रवेश केल्यावर जुने गाव उघडते. # चिन्हाने सुरू होणारा खेळाडू-टॅग दोन्हीकडे सारखा असल्यास हस्तांतरण पूर्ण झालेले असते. केवळ फोनमध्येच साठणारी प्रगती मात्र अशा रीतीने नेता येत नाही.