अंदाज आधी, मोबाइल नंबर नंतर

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की घरात पहिला प्रश्न निघतो तो किचनच्या खर्चाचा. इंटिरिअर करणाऱ्या कंपन्या त्याचं उत्तर वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरवर देतात. एका पानावर वीस प्रश्न विचारले तर माणूस पळतो, म्हणून एका वेळी एकच प्रश्न: घर किती बीएचके, किचनचा आकार कोणता, भिंतींची लांबी किती, फिनिश लॅमिनेट की ॲक्रिलिक.

समजा, पुण्यातल्या एका टू बीएचकेत एल आकाराचं किचन आहे, भिंती दहा आणि आठ फुटांच्या. बेरीज अठरा, पण ओट्याची लांबी अठरा धरायची नाही. ओटा दोन फूट खोल असतो, त्यामुळे कोपरा दोन्ही भिंतींत मोजला जातो. तो एकदा वजा केला की सोळा फूट उरतात. खालची कपाटं पावणेतीन फूट उंच, म्हणजे ४४ चौरस फूट. खिडकी आणि चिमणीची जागा सोडून वरची कपाटं बारा फूट लांब आणि दोन फूट उंच, म्हणजे २४. एकूण ६८.

दर १५०० रुपये धरला (कंपनीगणिक तो बदलतोच) तर १,०२,००० रुपये होतात आणि १८ टक्के जीएसटीसह १,२०,३६०. कोपरा वजा करायला विसरलं, तर कराआधीच ८,२५० रुपये फुकट वाढतात. प्रत्यक्ष मोजणीच्या दिवशी ग्राहकाच्या ते लक्षात येतं आणि मग पुढच्या प्रत्येक आकड्याबद्दल त्याला शंका येते.

ही चूक पकडायची सोपी युक्ती आहे: पूर्वी केलेल्या दहा-बारा किचनची मापं कॅल्क्युलेटरमध्ये घालून खऱ्या बिलांशी ताडून पाहावीत. फरक फक्त एल आणि यू आकारांतच दिसला, तर दोष कोपऱ्यात आहे.

पडद्यावर मात्र १,२०,३६० असा नेमका आकडा दाखवू नये. फ्लॅटच्या भिंती न पाहता इतकी अचूकता खोटीच. दहा टक्के इकडेतिकडे धरून ‘१.०८ ते १.३२ लाख’ असं लिहिलेलं बरं.

आता नंबर कधी मागायचा? बहुतेक मालकांना तो आकडा दाखवण्याआधीच हवा असतो. त्यातून नावं भरपूर मिळतात, पण काहीजण नुसता आकडा बघायला कुणाचाही नंबर टाकतात. अंदाज आधी दाखवून, कपाटवार तपशील पाठवण्यासाठी नंबर मागितला, तर नावं कमी येतील पण त्यांना फोन करण्यात अर्थ असेल. ओटीपीने नंबर तपासता येतो. २०२३चा डेटा संरक्षण कायदा पाहता, नंबर कशासाठी घेतोय हे तिथेच लिहावं. संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवू नये.

नंबरासोबत सगळी उत्तरं, दाखवलेला अंदाज आणि त्या दिवशीचा दर हेही साठवायला हवं. प्लायवूड महागलं की दर बदलतो. दोन महिन्यांनी ग्राहक जुना आकडा घेऊन आला, तर तो कुठल्या दराने निघाला हे फोन उचलणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.