आधी सोबती, मग वाट

अल्बमच्या पहिल्या पानासाठी मला एकच ओळ हवी होती. ओमानमधले आठ दिवस, तीनशेच्या वर फोटो आणि त्या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारी ओळ. ती मिळाली बिदियाला, शरकियाच्या वाळूच्या कडेला, टायरमधली हवा सोडली जात असताना.

वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा जवळजवळ निम्मी करतात. टायर पसरट होतो, जमिनीशी त्याचा स्पर्श वाढतो आणि गाडी रुतण्याऐवजी वाळूवरून तरंगल्यासारखी जाते. आमचे ओमानी चालक चाकाशी उकिडवे बसून ते काम करत होते. ते झालं तरी ते निघेनात. मस्कतहून येणारं आणखी एक कुटुंब वाटेत होतं, त्यांची गाडी येईपर्यंत थांबायचं म्हणाले. सासरे जरा अस्वस्थ झाले, ऊन चढत होतं. तेव्हा चालक छानशा हिंदीत म्हणाले, "बाबा, वाळूत एकटी गाडी जात नाही. एक रुतली तर दुसरी दोर लावून ओढते." आणि मग अरबीत, अगदी सहज, तीन शब्द उच्चारले: अर्-रफीक, कब्ल, अत्-तरीक.

रस्त्याआधी सोबती. अरब जगात ही म्हण सर्वतोमुखी आहे आणि तिला जोडून आणखी एक येते: अल्-जार कब्ल अद्-दार, घराआधी शेजारी. घर घेताना आधी शेजार बघा, निघताना आधी सोबत बघा.

त्या दिवसापासून मी या तीन शब्दांत अडकून पडले आहे.

आधी कानाला जाणवलं ते सांगते. अरबीत नामाआधी 'अल्' लागतो, हे आपल्याला 'अल्लाह', 'अल्-जझीरा' अशा शब्दांमुळे ठाऊक असतं. मग इथे 'अर्' आणि 'अत्' कुठून आले? अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांपैकी चौदा 'सूर्याक्षरं' आणि चौदा 'चंद्राक्षरं' मानली जातात. चंद्राला अरबीत 'कमर' म्हणतात आणि 'अल्-कमर' म्हणताना ल जागेवर राहतो. सूर्य म्हणजे 'शम्स', पण तिथे 'अल्-शम्स' न होता 'अश्-शम्स' होतं. ल पुढच्या अक्षरात विरघळतो. ज्या अक्षरांना जिभेचं टोक दातांपाशी किंवा त्यांच्या जवळपास टेकवावं लागतं, बहुतेक त्यांच्यापुढेच हे घडतं, कारण ल म्हणतानाही जीभ तिथेच असते. लिहिताना मात्र ल लिहिलाच जातो, फक्त ऐकू येत नाही. म्हणूनच अर्-रफीक, अत्-तरीक आणि अद्-दार. 'अल्-जार' तेवढा चंद्राकडचा. दोन्ही म्हणी सलग मोठ्याने म्हणून पाहा, जीभ स्वतःच नियम पाळते.

दुसरा चमत्कार अर्थाचा. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूभोवती उभे राहतात. र-फ-क या धातूतून 'रिफ्क' येतो, म्हणजे मायाळूपणा, हळुवारपणा. 'मिर्फक' म्हणजे कोपर. रफीक त्याच घरातला. कोपराला कोपर लावून चालणारा म्हटलं तरी चालेल. क-ब-ल मध्ये 'समोर', 'आधी' असा भाव आहे. आपले कबूल आणि मुकाबला हे शब्द त्याच धातूचे. आणि त-र-क या धातूचा मूळ अर्थ ठोकणं, आघात करणं. हातोड्याला 'मित्रका' म्हणतात. तरीक म्हणजे पावलांनी ठोकून ठोकून झालेली वाट. आपण 'मळलेली वाट' म्हणतो, तीच कल्पना. शिवाय आपला 'तरीका' तिथलाच. तीन अनोळखी शब्द म्हणून ऐकलेली ओळ उलगडत गेली आणि निम्मी माझ्याच भाषेतली निघाली.

पण खरा थरार मला 'रफीक' या शब्दाच्या इतिहासात सापडला. आज आखातात रफीक ही अगदी साधी हाक आहे. भारतातून, बांगलादेशातून आलेल्या कामगारालाही दुकानदार 'रफीक' म्हणूनच बोलावतो. जुन्या अरबस्तानात मात्र रफीक हा एक करार होता. उत्तरेकडे रफीकच म्हणत, दक्षिणेत आणि ओमानच्या वाळवंटात 'रबिया'. वाळवंट रिकामं दिसलं तरी ते टोळ्यांत वाटलेलं होतं. प्रत्येक विहीर, प्रत्येक कुरण कोणाचं तरी. परका माणूस त्या मुलखात शिरला तर त्याला लुटणं गैर मानलं जात नसे. म्हणून त्या टोळीचा, किंवा त्या टोळीपासून संरक्षण देता येईल असं नातं असलेल्या टोळीचा, एक माणूस सोबत घ्यायचा. तो शब्द देई की या लोकांचं रक्त आणि माल आता माझ्या तोंडावर आहे, म्हणजे माझ्या इभ्रतीवर. त्यानंतर त्याच्या भाऊबंदांनी प्रवाशाला हात लावला, तर रबियाने आपल्याच भाऊबंदांविरुद्ध उभं राहायचं.

वाटाड्या आणि रफीक यांत हा फरक आहे. वाटाड्याला वाट माहीत असते. रफीक वाट चुकला तरी चालेल, पण तो जामीन असतो. त्याची मर्यादाही नेमकी होती: टोळीचा मुलूख संपला की त्याचा शब्द संपला. पुढच्या मुलखासाठी पुढचा रफीक. तो मिळाला नाही तर वाट डोळ्यांसमोर असूनही बंद. म्हण शब्दशः खरी होती.

याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण विल्फ्रेड थेसिजर यांच्या प्रवासात दिसतं. ऑक्टोबर १९४६ मध्ये हे इंग्रज गृहस्थ सलालाहून उंटांवर निघाले, रुब अल्-खाली या महावाळवंटाकडे. बैत कसीर टोळीचे बरेच लोक वाळूच्या तोंडापाशीच मागे फिरले. पुढे गेले ते थेसिजर आणि चौघे सोबती. त्यात मुहम्मद अल्-औफ होते, ज्यांनी ही वाळू पूर्वी ओलांडली होती, आणि सोळाच्या आसपासचा सालिम बिन कबीना होता. डिसेंबरमध्ये ते वाळवंटापलीकडे, लिवा मरूद्यानाजवळच्या विहिरीवर पोहोचले. सुटलो असं वाटावं, पण मला वाटतं खरी परीक्षा तिथून पुढे होती. वाळूत शत्रू भूक आणि तहान होती. परतीची वाट ओमानच्या आतल्या भागातून, माणसांच्या मुलखातून जाणार होती. तिथे सत्ता होती इमाम मुहम्मद अल्-खलीली यांची, आणि ख्रिस्ती परक्याला तिथे थारा नव्हता. थेसिजर सिरियाकडचे असल्याची बतावणी करत निघाले आणि दुरू टोळीचा मुलूख पार करायला त्यांना दुरू माणसाचीच सोबत लागली. नकाशा, पैसा, उंट, सगळं जवळ होतं. अडलं ते त्या एका माणसापाशी. फेब्रुवारी १९४७ मध्ये ते सलालाला परतले.

थेसिजर यांच्याकडे लायका कॅमेरा होता, आणि वाळू जाऊ नये म्हणून तो बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत ठेवलेला असे. त्यांच्या आयुष्यभराच्या निगेटिव्ह, अडतीस हजारांच्या आसपास, आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. त्यांनी स्वतः निवडून लावलेल्या छायाचित्रांचे सत्तरहून अधिक अल्बमही तिथेच आहेत. त्यांची अरबस्तानातली छायाचित्रं पाहिली, तेव्हा माझ्या अल्बमचा प्रश्न सुटला. टेकड्या आहेत, उंट आहेत, पण पुन्हा पुन्हा समोर येतात ते चेहरे: बिन कबीनाचे मोकळे केस, त्यांच्या आणखी एका सोबत्याची, बिन गबैशाची, थेट कॅमेऱ्यात बघणारी नजर.

मी ओळीखाली कुठला फोटो ठेवणार होते? सलालाकडे जाणारा, क्षितिजापर्यंत सरळ गेलेला मोकळा डांबरी रस्ता. फोटो देखणा आहे, पण म्हण ज्याला दुसऱ्या जागेवर बसवते, तोच मी पहिल्या जागी ठेवत होते. शिवाय १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा देशात डांबरी रस्ता होता अवघा दहा किलोमीटरच्या आसपास. ओमानमध्ये रफीक खरोखरच रस्त्याच्या आधी आला. तो फोटो आता सातव्या पानावर गेला आहे. पहिल्या पानावर आहेत चाकाशी वाकलेले चालक, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून हवेचा आकडा बघणारे सासरे आणि मागे, जरा धूसर, धूळ उडवत येणारी दुसरी गाडी.

ओळ मला अरबी लिपीतही हवी होती, आणि तिथे मी तोंडावर पडणार होते. अल्बम जुळवायच्या कितीतरी सॉफ्टवेअरना अरबी नीट मांडता येत नाही. अक्षरं सुटी पडतात आणि उजवीकडून डावीकडे जायचं सोडून उलटी लागतात. लिपी न येणाऱ्याला ते नक्षीदारच दिसतं, चूक कळत नाही. मी छापायच्या आधी पानाचा फोटो चालकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"ताई, मधला शब्द बघा," ते म्हणाले. "कब्ल. तीन अक्षरं, पण तिन्ही एकमेकांचा हात धरून. तुमच्याकडे सुटी आहेत."

मग त्यांनी फोनवरच शिकवलं. बाकीच्या दोन शब्दांत फटी असणारच, कारण अलिफ आणि र ही अक्षरं उजवीकडच्याचा हात धरतात, पण डावीकडच्याला देत नाहीत. कब्लमध्ये असं एकही अक्षर नाही, म्हणून तो शब्द अखंडच हवा. त्यात तुटलेपण दिसलं की सगळी ओळ तुटली समजायचं. दुसरी खूण: पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाच्या उजव्या टोकाला अलिफ आणि ल अशा दोन उभ्या रेषा असतात. त्या डावीकडे दिसल्या तर ओळ उलटी छापली गेली.

शेवटी त्यांनी ती ओळ कागदावर पेनाने लिहून फोटो पाठवला, आणि आम्ही ते चित्र म्हणूनच पानावर बसवलं. खाली मी मराठीत लिहिलं: आधी सोबती, मग वाट. अल्बम घरी आल्यावर सासऱ्यांनी पहिलं पान उघडलं, चष्मा वर केला आणि बोट ठेवून मधला शब्द उजवीकडून डावीकडे तपासला. जोडलेला होता.