मग ते पाणी प्यायचं की नाही?
पदवीचा प्रबंध अर्जात मांडताना

रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करते आहे असं समजू. ही विद्यार्थिनी, तिचा प्रबंध आणि त्यातले आकडे मी समजावण्यापुरते रचले आहेत, पण प्रश्न खरा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. वर्षानुवर्षं ते पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. पाण्याला रंग येत नाही, चवही बदलत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय काही कळत नाही. जांभा दगडात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं भरपूर असतात आणि ती फ्लोराइड धरून ठेवतात, हे संशोधकांना माहीत आहे. आपल्या विद्यार्थिनीने जांभ्याची भुकटी वापरून पाहिली. अर्जात प्रबंधासाठी एक परिच्छेद होता. तिने लिहिलं:

‘जांभ्याच्या भुकटीवर फ्लोराइडच्या अधिशोषणाचा अभ्यास करण्यात आला. मात्रा, काळ आणि सामू यांचा परिणाम तपासण्यात आला. निष्कर्ष लँगम्युअर समीकरणाशी उत्तम जुळले (आर-वर्ग ०.९९). कमाल ७३ टक्के फ्लोराइड निघाल्याचे आढळले.’

यात एकही वाक्य खोटं नाही. तिच्या मार्गदर्शकांना ते एका नजरेत कळेल. पण निवड समितीवर एखादे भूगोलाचे, एखादे अर्थशास्त्राचे प्राध्यापक असतात आणि त्यांच्यासमोर अशा अर्जांचा गठ्ठा असतो. त्यांना यातून एवढंच कळतं की मुलीने दगड आणि पाणी घेऊन काहीतरी केलं आणि ते बरं जमलं. आता गंमत अशी की खऱ्या प्रबंधाचं म्हणणं याच्या जवळजवळ उलट आहे.

ते कसं, हे तिच्या मावशीमुळे बाहेर आलं. मावशीचं सासर बोअरवेलवर जगणाऱ्या गावातलं. भाचीने परिच्छेद मराठीत वाचून दाखवला, तेव्हा मावशीने एकच विचारलं, “मग ते पाणी प्यायचं की नाही?”

“नाही गं मावशी,” भाची म्हणाली. “आमच्या प्रयोगशाळेतल्या पाण्यात जमलं. गावाहून आणलेल्या पाण्यात नाही जमलं.”

प्रबंधाचा निकाल हाच होता आणि परिच्छेदात तो कुठेही नव्हता.

विषय आणि प्रश्न

‘जांभ्यावर फ्लोराइडचं अधिशोषण’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. दोन्हींतला फरक ओळखायची एक सोपी कसोटी आहे: याचं उत्तर ‘नाही’ असं येऊ शकलं असतं का? ‘अभ्यास करण्यात आला’ याला ‘नाही’ हे उत्तरच नसतं, कारण अभ्यास कसाही केला तरी तो होतोच. पण ‘तीन तासांत जांभ्याची भुकटी बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड सुरक्षित मर्यादेखाली आणते का?’ असं विचारलं की प्रयोग फसूही शकतो. मग वाचणारा उत्सुक होतो, कारण काय पणाला लागलं आहे ते त्याला दिसतं.

या प्रश्नातल्या ‘सुरक्षित मर्यादा’ या शब्दांना आकडा हवा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. हा एक आकडा सांगितला की पुढचे सगळे आकडे वाचकाला आपोआप तोलता येतात. न सांगितला, तर कुठल्याच आकड्याला अर्थ राहत नाही.

पद्धतीतलं किती सांगायचं

पद्धत लिहिताना दोन चुका होतात. काही जण सगळं सांगतात: चाळणीची जाळी, बाटल्या हलवण्याचा वेग, यंत्राचं मॉडेल. काही जण ‘मानक पद्धतीने’ एवढंच लिहून पुढे जातात. कोणता तपशील ठेवायचा, हे ठरवताना स्वतःला विचारावं: हा काढला तर उत्तरावरचा विश्वास कमी होईल का?

आपल्या विद्यार्थिनीने गावातल्या बोअरवेलचं पाणी आणलं. त्यात लिटरला ३.० मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. तेवढंच फ्लोराइड घालून तिने शुद्ध पाणीही तयार केलं. दोन्ही पाण्यांत लिटरला १० ग्रॅम भुकटी घालून बाटल्या तीन तास हलवल्या आणि मग उरलेलं फ्लोराइड मोजलं. जोडीला काही बाटल्या भुकटी न घालता तशाच हलवल्या. प्रत्येक प्रयोग तीनदा केला.

यातल्या भुकटीविना ठेवलेल्या बाटल्या अर्जात यायलाच हव्यात. फ्लोराइड भुकटीनेच कमी केलं, बाटलीने किंवा वेळेने नाही, हे त्यांच्यामुळेच म्हणता येतं. ‘तीनदा’ हा शब्दही हवा, कारण एकदा आलेला आकडा योगायोगाने आलेला असू शकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन पाण्यांची तुलना. या प्रबंधाची बुद्धी तिथेच आहे. हलवण्याचा वेग मात्र खुशाल वगळावा.

‘अधिशोषण’ या शब्दाची व्याख्या देत बसायची गरज नाही. ‘फ्लोराइड दगडाच्या कणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं’ असं लिहिलं की त्या शब्दाचं काम झालं.

टक्क्यांमागे लपलेलं उत्तर

आता निकाल. शुद्ध पाण्यात फ्लोराइड ३.० वरून ०.८ वर आलं. बोअरवेलच्या पाण्यात ते १.९ वर येऊन थांबलं. म्हणजे एक पाणी मर्यादेत आलं, दुसरं आलं नाही.

पहिल्या मसुद्यातले ७३ टक्के शुद्ध पाण्याचे होते. ‘कमाल’ या एका शब्दाने बोअरवेलच्या पाण्याला परिच्छेदाबाहेर काढलं. मुलीचा फसवण्याचा हेतू नव्हता. चांगला आकडा पुढे ठेवावा असं तिला वाटलं, एवढंच. पण टक्केवारीत आणखी एक खोट आहे: सुरुवात कुठून झाली हे ती सांगत नाही. १० मिलिग्रॅममधून ७३ टक्के काढले तरी २.७ उरतात आणि ते पाणी पिण्याजोगं नसतं. म्हणून आधी किती होतं, नंतर किती उरलं आणि मर्यादा किती, हे तीन आकडे शेजारी ठेवावेत.

आर-वर्ग ०.९९ वाचून तर अनोळखी वाचकाला वाटतं की प्रयोग ९९ टक्के यशस्वी झाला. प्रत्यक्षात तो आकडा मोजलेले बिंदू समीकरणाच्या रेषेला किती जवळून धरतात एवढंच सांगतो. पाणी प्यावं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून त्याची जागा प्रबंधात, अर्जात नाही.

‘नाही’ का आलं

उत्तर ‘नाही’ आलं की मुलं ते झाकू पाहतात. पण ते का आलं याचा माग काढला असेल, तर अर्जातला सगळ्यात भरीव मजकूर तोच असतो. या विद्यार्थिनीला शंका आली की बोअरवेलच्या पाण्यातलं बायकार्बोनेट आड येत असावं. भूजलात ते सहसा भरपूर असतं. तिने शुद्ध पाण्यात फ्लोराइडबरोबर खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, घातला आणि तोच प्रयोग केला. या वेळी फ्लोराइड १.८ पर्यंतच उतरलं. बोअरवेलचं अपयश तिने प्रयोगशाळेत जवळपास हुबेहूब घडवून दाखवलं.

इथे शब्द जपून वापरायला हवेत. ‘बायकार्बोनेट हेच कारण असल्याचे सिद्ध केले’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण सोड्यामुळे पाणी जास्त अल्कधर्मीही होतं आणि अशा पाण्यात दगडाची फ्लोराइड धरण्याची ताकद कमी होते. बायकार्बोनेट स्वतः जागा अडवतं की पाण्याचा गुण बदलून काम बिघडवतं, हे या प्रयोगातून वेगळं करता येत नाही. म्हणून ‘मोठा वाटा बायकार्बोनेटचा असावा’ एवढंच लिहावं. समितीत कुणी रसायनशास्त्रज्ञ असलाच, तर या एका ‘असावा’वरून तो ओळखतो की मुलीला आपल्या पुराव्याचं वजन माहीत आहे.

कुणी काय केलं, हेही स्पष्ट हवं. आपल्याकडे अभियांत्रिकीचे प्रकल्प तिघाचौघांत होतात, आणि ‘करण्यात आले’ या क्रियापदात माणूस हरवतो. जर्मनीत पदवीचा प्रबंध सहसा प्रत्येकाने आपापला लिहायचा असतो, त्यामुळे तिथला वाचक ‘तू काय केलंस’ हेच शोधतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार आपल्याकडच्या चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीतही १२ श्रेयांकांचा प्रबंध आला आहे, तेव्हा हा प्रश्न आता विज्ञान, वाणिज्य, कला अशा सगळ्याच मुलांपुढे येणार आहे. काम गटात झालं असेल तर ‘आम्ही’ आणि ‘मी’ दोन्ही वापरावेत, ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या नावावर टाकून.

पुन्हा लिहिलेला परिच्छेद

अर्ज बहुधा इंग्रजीत जातो, पण हिने तो आधी मराठीत, मावशीच्या प्रश्नापासून लिहिला:

‘विदर्भ-मराठवाड्यातल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात अपायकारक प्रमाणात फ्लोराइड असते. स्वस्त जांभा दगडाची भुकटी ते सुरक्षित मर्यादेखाली (लिटरला १.५ मिलिग्रॅम) आणू शकते का, हा माझा प्रश्न होता. फ्लोराइड या दगडाच्या कणांना चिकटते. मी एका गावातले पाणी आणि तेवढेच फ्लोराइड (३.० मिलिग्रॅम) घातलेले शुद्ध पाणी यांत भुकटी घालून तीन तासांनी काय उरते ते मोजले. प्रत्येक प्रयोग तीनदा केला आणि भुकटीविना ठेवलेल्या पाण्याशी ताडून पाहिला. शुद्ध पाण्यात ०.८ उरले, गावच्या पाण्यात मात्र १.९. म्हणजे नुसती भुकटी या गावाला पुरेशी नाही. शुद्ध पाण्यात बायकार्बोनेट घातल्यावरही १.८ उरले, म्हणून या अडथळ्यात मोठा वाटा त्याचा असावा. मी एकाच विहिरीचे पाणी बाटलीत तपासले. वाहत्या पाण्याच्या गाळणीत काय होईल हे यावरून सांगता येत नाही.’

शेवटची दोन वाक्यं अनेकांना काढून टाकावीशी वाटतात. ती निकालाला लागूनच ठेवावीत, कारण त्यांच्यावाचून ‘या गावाला पुरेशी नाही’ हे वाक्य ‘जांभा कुचकामी आहे’ असं वाचलं जातं.

असा परिच्छेद जमला की नाही, हे ओळखायची एक रीत आहे. तो अशा माणसाला एकदाच ऐकवावा ज्याला विषय माहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच सांगायला लावावा. त्याने ‘पाणी शुद्ध करून दाखवलं’ असं सांगितलं तर निकाल पोचला नाही. ‘दगडावर काहीतरी प्रयोग केला’ म्हटलं तर प्रश्नच पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने जावेला फोनवर सांगितलं, “अगं, तो दगड प्रयोगशाळेतल्या पाण्यात चालतो, आपल्या पाण्यात नाही चालत. आपल्या पाण्यात ते सोड्यासारखं काहीतरी आहे ना, ते आड येत असेल म्हणते.”

‘असेल’ हा शब्दसुद्धा तिच्यापर्यंत पोचला होता.